‘उन्हाळी’ थांबली, म्हणजे संसर्ग गेला?

लघवीला आग होऊ लागली, की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. अंगातली उष्णता वाढली असे समजून सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, नारळपाणी असे उपचार घरोघरी सुरू होतात. कडक उन्हात पाणी कमी पडले तर घट्ट, गडद लघवीमुळे थोडी जळजळ होऊ शकते आणि ती पाण्याने शमतेही. परंतु तरुण स्त्रीला दर अर्ध्या तासाने लघवीला जावेसे वाटते, दोन-चार थेंबच होतात, आग होते, ओटीपोटात दुखते, कधी लघवीला लालसर छटा येते, तेव्हा ती उष्णता नसून बहुधा मूत्राशयाचा जंतुसंसर्ग असतो.

सव्वीस वर्षांची एक तरुणी अशाच तक्रारीसाठी आली होती. ठाण्याहून अंधेरीला नोकरीसाठी जाणारी. सकाळी साडेसातला घर सोडले की संध्याकाळी परत येईपर्यंत ती लघवीला जात नसे. कार्यालयातले स्वच्छतागृह तिला किळसवाणे वाटे, आणि तिथे जावे लागू नये म्हणून पाणीही ती जेमतेम दोन पेले पीत असे. (मुंबईत नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये ही सवय इतकी सर्रास आढळते, की तिला त्या बिचाऱ्यांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.) तिला ताप नव्हता, कंबरेत दुखत नव्हते, योनिमार्गातून पांढरा स्राव किंवा खाजही नव्हती, दिवस गेलेले नव्हते. लघवीच्या साध्या तपासणीत पूपेशी भरपूर होत्या. तिला नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध दिले गेले. शंभर मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी, एक रात्री, जेवणाबरोबर, पाच दिवस. एकूण दहा कॅप्सूल.

तिने चार घेतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग जवळजवळ थांबली. त्यातच रात्रीची कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळले आणि लघवी तपकिरी-पिवळी दिसू लागली, म्हणून ती घाबरली. हे औषध अन्नाबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते आणि ते नीट शोषलेही जाते. लघवीचा रंग बदलणे निरुपद्रवी असते. कोणी आधी सांगितले असते तर तिने ते मनावर घेतले नसते. उरलेल्या सहा कॅप्सूल पर्समध्ये गेल्या.

आग थांबते ती संसर्ग संपल्यामुळे नव्हे, तर दाह उतरल्यामुळे, आणि या दोन गोष्टींत दोन-तीन दिवसांचे अंतर असते. बहुतेक वेळा या संसर्गाचा कर्ता ‘ई. कोलाय’ हा आपल्याच आतड्यात राहणारा जंतू असतो. स्त्रीच्या शरीरात मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्याने गुदद्वाराच्या आसपासचे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. पुरुषांत हाच मार्ग साधारण वीस सेंटिमीटरचा असतो. शरीरसंबंधानंतर हा प्रवास अधिक सोपा होतो, परंतु म्हणून हा काही गुप्तरोग नव्हे, आणि त्यात लाजण्याजोगे काही नाही.

एरवी लघवीच्या ओघाबरोबर जंतू बाहेर फेकले जातात. ई. कोलायच्या अंगावर मात्र केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आतही शिरतात, तिथे त्यांच्यापर्यंत लघवी पोहोचत नाही आणि औषधही पुरेसे पोहोचत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, मूत्राशयात दहा कोटी जंतू आहेत. औषधाने पहिल्या दीड दिवसात शंभरातले नव्याण्णव मारले. रुग्णाला हायसे वाटले, कारण अस्तराला डिवचणारी मोठी फौज गेली. तरीही दहा लाख जंतू शिल्लक आहेत. दहा लाखांचे पुन्हा दहा कोटी व्हायला किती वेळा दुप्पट व्हावे लागते? सातदेखील नाही. जंतूंना अनुकूल परिस्थितीत दुप्पट व्हायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. लघवीत, शरीराच्या प्रतिकाराला तोंड देताना, वेळ अधिक लागतो, पण तो दिवसांत मोजावा लागत नाही. कोर्सचे उरलेले दिवस त्या दहा लाखांसाठी आणि पेशींत दडून हळूहळू बाहेर पडणाऱ्यांसाठी असतात.

‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्याचा अर्थ मात्र ‘जितका लांब तितका चांगला’ असा लावू नये. पूर्वी अशा साध्या संसर्गाला सात-दहा दिवस औषध देत. आज नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरते, फॉस्फोमायसिन नावाच्या औषधाची तीन ग्रॅमची एकच मात्रा पाण्यात विरघळवून दिली जाते. गरजेपेक्षा लांब उपचाराने आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंनाही औषधाचा सराव होतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू तिथेच पोसले जातात. म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला काळ हाच कोर्स. तो आपण कमी करायचा नाही, आणि आपल्या मनाने वाढवायचाही नाही.

आमच्या तरुणीची आग बाराव्या दिवशी परतली. शुक्रवार होता, दवाखान्यात जायला सवड नव्हती, पर्समध्ये कॅप्सूल होत्या. दोन दिवसांत तिने चार घेतल्या, आग पुन्हा कमी झाली. रविवारी रात्री थंडी वाजून १०३ अंश ताप चढला, उजव्या बरगडीखाली पाठीत ठणका लागला आणि उलट्या सुरू झाल्या. संसर्ग मूत्राशयातून मूत्रवाहिनीवाटे वर मूत्रपिंडात पोहोचला होता.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, परंतु रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत त्याचे प्रमाण नगण्य राहते. म्हणून ते मूत्राशयाच्या संसर्गाला उत्तम, मूत्रपिंडाच्या संसर्गाला निरुपयोगी. उरलेल्या कॅप्सूलने खालची आग शमवली, त्यामुळे वर काय चालले आहे हे तिच्या ध्यानात आले नाही. दुसरे नुकसान त्याहून त्रासदायक होते. रुग्णालयात लघवी कल्चरसाठी पाठवली, तर अहवाल आला: जंतूंची वाढ नाही. लघवीत औषध होते, मग वाढ होणार कशी? कोणता जंतू, कोणत्या औषधाला दाद देतो, हे न कळता डॉक्टरांना अंदाजाने शिरेवाटे इंजेक्शन सुरू करावे लागले. सुदैवाने रक्ताचे कल्चरही त्याच वेळी घेतले होते. तिसऱ्या दिवशी त्यात ई. कोलाय सापडला. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला तो जुमानत नव्हता (भारतात आता हे नेहमीचेच झाले आहे, म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने ती गोळी घेण्यात अर्थ नाही), पण को-ट्रायमॉक्साझोलला दाद देत होता. ताप उतरल्यावर इंजेक्शन बंद करून त्या गोळ्या दिल्या. चार दिवस रुग्णालयात, एकूण दहा दिवस औषध. सोनोग्राफीत खडा किंवा अडथळा आढळला नाही.

पहिल्यांदा होणाऱ्या साध्या संसर्गाला कल्चरची गरज दरवेळी नसते. पण संसर्ग परतला, ताप आला किंवा दिवस गेलेले असले, तर कल्चर हवेच, आणि ते औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसल्यास डबी फ्रिजमध्ये ठेवावी. उबेत राहिलेल्या डबीत जंतू आपोआप वाढतात आणि अहवाल फसवा येतो. एक सूचना आणखी: पूपेशी वारंवार सापडतात, कल्चरमध्ये मात्र काहीच उगवत नाही, आणि मध्ये कोणतेही औषध घेतलेले नाही, असे असेल तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घेऊन वेगळी तपासणी करावी लागते.

आता पाण्याविषयी. पाणी जंतू मारत नाही. ते लघवीचा ओघ वाढवते. मूत्राशय वारंवार भरून वारंवार रिकामे झाले की न चिकटलेले जंतू वाढायच्या आत बाहेर पडतात. सात-आठ तास लघवी रोखून धरली, तर त्याच जंतूंना उबदार, साचलेले पाणी मिळते. हा नुसता तर्क नाही. बल्गेरियात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वर्षात तीन वा अधिक वेळा असा संसर्ग झालेल्या आणि रोज दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितले. वर्षभरात या गटात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांत ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा.

हा उपयोग संसर्ग परतू नये म्हणून आहे. लागलेला संसर्ग केवळ पाण्यावर काढण्याचा प्रयत्न तापापर्यंत नेऊ शकतो. पाण्याने औषध पातळ होऊन निकामी होईल का, असे रुग्ण विचारतात. नेहमीच्या पिण्याने तसे होत नाही. मात्र लघवी अल्कधर्मी करणाऱ्या गोड औषधी सरबताची बाटली पुष्कळ जण आपणहून आणतात. त्याने आग कमी वाटते, जंतू मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक प्रभावी असते, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

किती प्यावे, याचे माप लघवीच्या रंगात असते. फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसे झाले. आपल्या हवेत त्यासाठी दिवसाला साधारण अडीच लिटर द्रव लागते. त्यात ताक, वरणाचे पाणी, नारळपाणी, सारे धरावे. पाण्यासारखी पांढरी होईपर्यंत पिण्याची आवश्यकता नाही, आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. दर तीन तासांनी, वेग नसला तरी, लघवीला जावे आणि घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शरीरसंबंधानंतरही तसे करणे हितकारक.

औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत आग कमी झाली नाही, किंवा केव्हाही थंडी-ताप, कुशीत दुखणे, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दाखवावे. दिवस गेलेल्या स्त्रीने तर साधी आगही अंगावर काढू नये. उलट, तक्रारी पूर्ण गेल्या असतील आणि दिवस गेलेले नसतील, तर ‘लघवी साफ झाली का’ हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करण्याचे कारण नाही. आमच्या तरुणीला दोन महिन्यांनी भेटीस बोलावले, तेव्हा तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून दाखवली. कार्यालयातल्या चार जणींनी मिळून व्यवस्थापनाकडे अर्ज केला होता आणि स्वच्छतागृहाला कडी आणि दिवसातून तीनदा सफाई मिळाली होती.