रेड व्हेल्वेट केक

रेड व्हेल्वेट केक हा अमेरिकेत रूढ झालेला, तांबड्या रंगाचा व मऊ पोताचा केक आहे.

रंग
नैसर्गिक कोकोतील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आम्लात तांबूस होतात. हे आम्ल ताक व व्हिनेगर यांतून मिळते. मात्र त्यातून केवळ तांबूस-तपकिरी छटा येते. आजचा गडद लाल रंग खाद्यरंगाचा असतो. अल्कलीची प्रक्रिया केलेल्या कोकोने किंवा खाण्याचा सोडा जास्त झाल्याने केक तपकिरी दिसतो.

पोत
ताक व व्हिनेगर यांतील आम्लाची सोड्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो व केक फुगतो. हा वायू लगेच निसटू लागतो, म्हणून मिश्रण तयार होताच भाजावे लागते.

क्रीम चीज फ्रॉस्टिंग
क्रीम चीजमध्ये पाणी बरेच असते. साखर ते ओढून घेते आणि जास्त फेटल्यास चीजची घडण मोडते. त्यामुळे फ्रॉस्टिंग पातळ होऊन केकवरून ओघळते. हे टाळण्यासाठी ११५ ग्रॅम मऊ लोणी पिठीसाखरेसह आधी फेटतात. मग २२५ ग्रॅम थंड, घट्ट क्रीम चीज थोडेथोडे घालून एकजीव होताच थांबतात. सैल वाटल्यास आणखी साखर न घालता ते शीतकपाटात ठेवतात, कारण गार झाल्यावर लोणी घट्ट होऊन आकार धरते.