एकच टाइल फुटली? शेजारच्या टाइल्स न हलवता अशी बदला, सांध्याचा रंगही जुळवा

भंडारा : दिवाणखान्यातली एक टाइल फुटली किंवा पायाखाली डगडग हलायला लागली, की बरेच मिस्त्री सांगतात, "एक काढली तर चार फुटतील, पूर्ण खोलीच करून घ्या." काही ठिकाणी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा शेजारची टाइल फुटते ती घाईमुळे. सांधा मोकळा न करता काठाखाली छन्नी घालून उचकटलं, की सगळा जोर शेजारच्या टाइलवर जातो आणि तिचा कोपरा उडतो. म्हणून या कामाचा नियम एकच : आधी सांधा मोकळा करा, मग मधून फोडत काठाकडे या.

आधी ठोकून पाहा

एखाद्या नाण्याने किंवा लाकडी दांड्याने टाइलवर टकटक करा. घट्ट बसलेली टाइल भरीव वाजते, सुटलेली पोकळ वाजते. शेजारच्या आठही टाइल्स ठोकून पाहा आणि पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने खूण करा. एकच पोकळ असेल तर पुढचं काम घरी किंवा एका मिस्त्रीकडून आटोपतं.

उन्हाळ्यात दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या वर उठल्या असतील, तर गोष्ट वेगळी आहे. उन्हाने टाइल्स किंचित फुगतात, आणि भिंतीच्या कडेला जागा सोडलेली नसली की त्या वर उचलल्या जातात. तिथे फक्त एक टाइल पुन्हा घट्ट बसवली तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरी उठेल. भिंतीकडेचा सांधा आधी मोकळा करावा लागतो. काळ्या मातीवरच्या घरात जमीनच खचत असेल, भेगा एका रेषेत जात असतील, तर टाइल बदलून उपयोग नाही. न्हाणीघरात खाली पाणीरोधक थर आणि पाइप असतात, तिथे खोल छन्नी मारू नये.

टाइल काढताना

उदाहरण घेऊ. खोलीत २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, जाडी ९ मिलिमीटर, सांधा २ मिलिमीटर. एक टाइल सुटलेली आहे आणि तिचा कोपरा तुटला आहे.

चारही बाजूंच्या शेजारच्या टाइल्सच्या काठांवर रुंद चिकटपट्टी लावा. मग हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने किंवा ग्राउट काढायच्या करवतीने चारही सांधे टाइलच्या पूर्ण जाडीइतके खोल मोकळे करा. ग्राइंडर चालतो, पण चाक जरा हललं तरी शेजारच्या टाइलवर रेघ उमटते. हाताने अर्धा-पाऊण तास लागतो, तो वेळ द्यावा. सांध्यातून ब्लेड आडकाठी न लागता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, की सांधा मोकळा झाला असं समजा.

टाइल साबूत असून फक्त सुटलेली असेल, तर फोडू नका. काचवाल्याकडे काच उचलायचा रबरी कप असतो, तो चिकटवून टाइल सरळ वर ओढा. तीच टाइल मागची जुनी सिमेंट खरवडून परत लावली, की रंगाचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या उदाहरणातली टाइल मात्र तुटकी आहे. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे घाला. टाइलच्या मधोमध छन्नी ठेवून हलक्या हातोडीने छोटं भोक पाडा. मग त्या भोकाकडून काठाकडे लहान लहान तुकडे काढत चला. छन्नीचं टोक नेहमी मध्याकडे झुकलेलं ठेवा. शेवटच्या बोटभर पट्टीला मागून, आतल्या बाजूला ओढा, काठाला जोर देऊ नका.

बैठकीचा हिशोब

नवी टाइल उंच बसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की जुना मसाला पुरेसा काढलेला नसतो. टाइल ९ मिलिमीटर, खाली चिकट मसाला ५ मिलिमीटर, म्हणजे १४ मिलिमीटर खोली हवी. शेजारच्या दोन टाइल्सवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली मोजा. जिथे कमी आहे तिथे खरवडा. खाली पोकळ भाग असेल तर तोही काढून सिमेंट-रेतीने भरा आणि वाळू द्या.

टाइल बसवायला नुसता सिमेंटचा घोळ वापरू नका. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे सिमेंट तिला नीट पकडत नाही, आणि टाइल्स सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. दुकानातून व्हिट्रिफाइडसाठीचा टाइल अ‍ॅडेसिव्ह आणा. तो दातेरी थापीने जमिनीवर एकाच दिशेने पसरवा आणि टाइलच्या मागेही पातळ हात फिरवा. भंडाऱ्याच्या कडक उन्हाळ्यात मसाल्यावर लवकर साय धरते, म्हणून पंखा बंद ठेवून सकाळी किंवा सायंकाळी काम करा. टाइलच्या मागे बाण असेल तर तो बाकीच्या टाइल्सच्या दिशेने ठेवा.

टाइल दाबून बसवा, चारही बाजूंना २ मिलिमीटरचे स्पेसर घाला. पट्टी आडवी-उभी फिरवून पाहा. पट्टी डुलली तर टाइल वर आहे, खाली उजेड दिसला तर खाली आहे. सांध्यात वर आलेला मसाला ओला असतानाच काढा. २४ तास कोणी पाय ठेवू नये.

रंग जुळवण्याची युक्ती

सांध्यात भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. रंग न जुळण्याची कारणं दोन : जुना सांधा मळलेला असतो आणि ओला मसाला वाळल्यावर फिका पडतो. म्हणून आधी जुना सांधा कपड्याच्या साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून वाळवा. अ‍ॅसिड वापरू नका, ते सांधाच खाऊन टाकतं. धुतल्यावर दिसतो तोच खरा रंग.

मग तयार ग्राउट किंवा व्हाइट सिमेंटमध्ये ऑक्साइड रंग मिसळून नमुने करा. एकाच चमच्याने २० चमचे व्हाइट सिमेंट आणि अर्धा, एक, दीड चमचा रंग, असे तीन नमुने. पाणी तिन्हींत सारखंच घाला, कारण पाणी जास्त झालं की रंग फिका आणि ठिसूळ होतो. फोडलेल्या टाइलचे तुकडे जवळजवळ ठेवून मधल्या फटीत नमुने भरा आणि एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वाळू द्या. दिवसाच्या उजेडात जुन्या सांध्याशेजारी ठेवून पाहा. दोन नमुन्यांत मन अडलं तर फिका निवडा, पायाखाली तो हळूहळू गडद होतोच.

२ बाय २ च्या एका टाइलच्या सांध्यांना साधारण १०० ग्रॅम मसाला पुरतो. तो रबरी पट्टीने तिरका दाबून भरा, १५-२० मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसा. ओल्या स्पंजने सारखं पुसलं तर रंग धुऊन जातो आणि सांध्यावर पांढरे डाग पडतात.

नवी टाइल मिळत नसेल तर

तुटका तुकडा आणि जुना बॉक्स असेल तर त्यावरचा शेड व बॅच नंबर दुकानात दाखवा. तीच डिझाइन बंद झाली असेल, तर पलंगाखालची किंवा कपाटामागची टाइल काढून पुढे लावा आणि जवळची वाटेल ती नवी टाइल तिथे आत लावा. पण ही जागा बदलायची टाइलही घट्ट बसलेली असते, ती न फोडता निघेल याची खात्री नाही. म्हणून आधी ठोकून पोकळ वाजणारी शोधा.