बायबॅकचा टॅक्स नेमका कोणाच्या खिशातून? पंचवीस वर्षांची एक गोष्ट

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण ज्याच्या डीमॅटमध्ये दहा शेअर आहेत त्याच्याही खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसने १८,००० कोटी रुपयांचा बायबॅक जाहीर केला. भाव होता शेअरमागे १,८०० रुपये, म्हणजे बाजारभावापेक्षा बराच वर. इतका चांगला भाव मिळत असताना कंपनीच्या प्रमोटर्सनी सांगितलं, आम्ही एकही शेअर देणार नाही. त्या वेळचा टॅक्सचा नियम पाहिला, तर या निर्णयाचं गणित लगेच कळतं. तो नियम तसा का झाला, हे समजून घ्यायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

विक्री की वाटप?

बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर भागधारकांकडून विकत घेऊन रद्द करणं. आता याकडे दोन नजरांनी बघता येतं. तुमच्या बाजूने बघितलं तर तुम्ही शेअर विकलात, म्हणून टॅक्स फक्त नफ्यावर लागला पाहिजे. कंपनीच्या बाजूने बघितलं तर तिने साठवलेला पैसा भागधारकांना वाटला, म्हणजे हा डिव्हिडंडच झाला, आणि डिव्हिडंडमधून खरेदी किंमत वजा होत नाही. गेली पंचवीस वर्षं आपला कायदा या दोन नजरांमध्ये झोके घेतोय.

१९९८ पर्यंत हा प्रश्नच नव्हता, कारण भारतीय कंपन्यांना अशा पद्धतीने स्वतःचे शेअर विकत घ्यायची परवानगीच नव्हती. ऑक्टोबर १९९८ च्या शेवटी वटहुकूम निघाला आणि दार उघडलं. लगेच १९९९ मध्ये आयकर कायद्यात कलम ४६ए आलं. त्यात सरळ म्हटलं होतं की मिळालेल्या रकमेतून खरेदी किंमत वजा करा, उरेल तो भांडवली नफा. म्हणजे विक्रीची नजर.

पळवाट आणि तिच्यावरचं कुलूप

आता गंमत बघा. त्या काळात डिव्हिडंड वाटला की त्यावरचा वेगळा टॅक्स कंपनीलाच भरावा लागायचा. पण तोच पैसा बायबॅक करून दिला, तर तो टॅक्स लागायचा नाही. त्यात भागधारक मॉरिशसमधली कंपनी असेल, तर करारामुळे तिला भारतात भांडवली नफ्यावरही टॅक्स नसायचा. म्हणजे पैसा देशाबाहेर गेला आणि टॅक्स दोन्हीकडून शून्य.

२०१३ मध्ये सरकारने कुलूप लावलं. कलम ११५क्यूए आणून शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांच्या बायबॅकवर २० टक्के टॅक्स बसवला आणि तो कंपनीकडूनच घ्यायचं ठरवलं. भागधारकाच्या हातातली रक्कम करमुक्त झाली. जुलै २०१९ च्या बजेटमध्ये हाच नियम नोंदणीकृत कंपन्यांनाही लागू झाला. अधिभार आणि सेस धरून दर जवळपास २३.३ टक्के व्हायचा.

छोट्या गुंतवणूकदाराला हे फारच आवडलं. हातात पूर्ण रक्कम येते आणि टॅक्सची कटकट नाही! पण कंपनी टॅक्स भरते म्हणजे कोण भरतं? तिच्या तिजोरीतला पैसा सगळ्या भागधारकांचा असतो. ज्यांनी शेअर दिले त्यांना करमुक्त रक्कम मिळाली, आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांच्याही वाट्यातून तो टॅक्स गेला.

मग एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा टॅक्स कंपनीऐवजी भागधारकाकडे आला, स्लॅबप्रमाणे. सगळ्यात वरच्या स्लॅबमधल्या प्रमोटरला डिव्हिडंड महाग पडू लागला आणि बायबॅक स्वस्त. पुन्हा तीच तफावत, फक्त नव्या रूपात.

झोका दुसऱ्या टोकाला

१ ऑक्टोबर २०२४ पासून सरकार थेट दुसऱ्या टोकाला गेलं. बायबॅकमध्ये मिळालेली सगळी रक्कम डिव्हिडंड धरायची. नफा नव्हे, सगळी रक्कम! खरेदी किंमत वेगळा भांडवली तोटा म्हणून दाखवायची.

एक उदाहरण करू. समजा, तुम्ही दहा शेअर प्रत्येकी १,४०० रुपयांना दोन वर्षांपूर्वी घेतले आणि १,८०० ने बायबॅकमध्ये दिले. मिळाले १८,०००, खर्च १४,०००, खरा नफा ४,०००. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर टॅक्स १८,००० वर, म्हणजे सेस सोडून ५,४०० रुपये. नफ्यापेक्षा टॅक्स जास्त!

बदल्यात हातात १४,००० चा दीर्घकालीन तोटा राहतो. तो दुसऱ्या दीर्घकालीन नफ्यातून वजा झाला तर १२.५ टक्क्यांनी १,७५० रुपये वाचतात. तरीही ४,००० च्या नफ्यातले ३,६५० गेलेच. आणि असा दुसरा नफा झालाच नाही, तर तो तोटा आठ वर्षं नुसता कागदावर. आता इन्फोसिसचे प्रमोटर्स लांब राहिले ते गणित कळलं?

पण हाच नियम सगळ्यांना वाईट नव्हता. समजा एखाद्या मुलीचं २०२५-२६ चं उत्पन्न नऊ लाख आहे आणि ती नव्या कररचनेत आहे. हे १८,००० धरूनही ती बारा लाखांच्या आत, म्हणून रिबेट मिळून टॅक्स शून्य. कापलेला १० टक्के टीडीएस, म्हणजे १,८०० रुपये, रिफंडमध्ये परत. आणि १४,००० चा तोटा पुढच्या वर्षांसाठी शिल्लक!

गडबड होते ती रिटर्न भरताना. खात्यात १६,२०० आले म्हणून तेवढीच रक्कम दाखवली जाते, किंवा टीडीएस कापला म्हणजे विषय संपला असं वाटतं. खरं तर पूर्ण १८,००० डिव्हिडंडमध्ये दाखवायचे आणि भांडवली नफ्याच्या रकान्यात विक्री किंमत शून्य, खरेदी १४,००० असं लिहायचं. तोटा पुढे न्यायचा असेल तर रिटर्न मुदतीत हवं, आणि त्यासाठी साधा आयटीआर-१ चालत नाही. पगारदार असाल तर आयटीआर-२ भरा.

पुन्हा विक्रीकडे

फेब्रुवारी २०२६ च्या बजेटमध्ये झोका परत फिरला. १ एप्रिल २०२६ पासून बायबॅक पुन्हा भांडवली नफा धरायचा प्रस्ताव आला. आपल्या उदाहरणात टॅक्स आता फक्त ४,००० वर, म्हणजे १२.५ टक्क्यांनी ५०० रुपये. वर्षभराचा असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर तेही नाहीत. प्रमोटर्सना मात्र जादा टॅक्स, ज्यामुळे त्यांचा एकूण दर कंपनी असेल तर २२ टक्के आणि व्यक्ती असेल तर ३० टक्के होतो.

या सगळ्या प्रवासातली नवी गोष्ट हीच आहे. आजवर प्रत्येक नियम प्रमोटरची पळवाट बुजवायला आला आणि दहा शेअरवाल्यालाही त्याच मापाने मोजून गेला. या वेळी पहिल्यांदा दोघांसाठी वेगळी मापं ठेवली आहेत. म्हणून एक सवय लावून घ्या: बायबॅकचा भाव बघण्याआधी शेअर नेमके कोणत्या तारखेला स्वीकारले जाणार आहेत ते बघा. तुमचा टॅक्स त्या तारखेच्या नियमाने ठरतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!