प्रमाणित रुग्णांचे प्रशिक्षण

प्रमाणित रुग्ण म्हणजे ठरवून दिलेल्या आजाराची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्याच शब्दांत, त्याच भावाने आणि त्याच मर्यादेत सांगण्यासाठी प्रशिक्षित केलेली व्यक्ती होय. वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलून त्याच्या आजाराचा इतिहास, म्हणजेच व्यवहारातील ‘हिस्ट्री’, नीट घेता येते की नाही, हे पाहण्यासाठी परीक्षेत अशा व्यक्तीची योजना करतात. ही व्यक्ती प्रत्यक्षात आजारी असतेच असे नाही. बहुधा ती आसपासच्या गावांतील किंवा शहरातील स्वयंसेवक असते. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील परिस्थितीवर बेतलेली एक काल्पनिक भूमिका घेऊन या प्रशिक्षणाची पद्धत सांगितली आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ही पद्धत प्रथम वापरली. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका स्त्रीला त्यांनी मज्जाविकाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली होती. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑस्की’ या नावाने ओळखली जाणारी परीक्षापद्धती मांडली. तिच्यात विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जातो आणि प्रत्येक केंद्रावर एकच कौशल्य तपासले जाते. हिस्ट्री घेण्याच्या केंद्रावर प्रमाणित रुग्ण बसतो.

भारतात २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात रुग्णाशी संवाद साधण्याच्या कौशल्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि पहिल्या वर्षाच्या आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची ओळखही समाविष्ट आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येतात. समोरचा रुग्ण मात्र मराठवाड्याच्या बोलीत बोलतो. त्यामुळे येथे हिस्ट्री घेण्याच्या परीक्षेत भाषेचा प्रश्न अटळपणे येतो.

## भूमिकेची निवड

भूमिका त्या प्रदेशात खरोखर आढळणारी असावी लागते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. या कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा स्त्रियांमागे एक.

डॉक्टरच्या दृष्टीने यातील अडचण अशी की, अशी स्त्री कंबरदुखी किंवा थकवा घेऊन येते आणि जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख स्वतःहून करत नाही. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर पाळी जाण्याच्या वयातील लक्षणे एकाएकी सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. बीजकोश ठेवले असले तरी ते अपेक्षेपेक्षा लवकर काम थांबवू शकतात. म्हणून शस्त्रक्रिया झाली का, कोणत्या वयात झाली आणि नेमके काय काढले, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

## भूमिकेचा आराखडा

प्रशिक्षक प्रथम भूमिका लिहून काढतो. उदाहरणातील रुग्ण ‘सुमन’, वय ३४, केज तालुक्यातील एका गावची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते; दोघे मिळून एक ‘कोयता’. तीन मुले आहेत. सत्ताविसाव्या वर्षी अंगावरून पांढरे जात असल्याने तिची ‘पिशवी’ काढली गेली. गेले सहा महिने कंबर व गुडघे दुखतात, थकवा येतो, रात्री एकदम घाम येऊन झोप मोडते. ताप नाही, वजन घटलेले नाही, मार लागलेला नाही, लघवीची तक्रार नाही.

ही सर्व माहिती तीन भागांत विभागतात. पहिला भाग रुग्णाने स्वतःहून सांगायचा: “डॉक्टर, कंबर लई दुखायलीय, अन् अंगात काही दम राहिला नाही.” प्रत्येक विद्यार्थ्यासमोर आरंभ याच वाक्याने होतो. दुसरा भाग साध्या विचारपूशीवर सांगायचा. त्यात दुखणे कधीपासून आहे, कशाने वाढते, काम कोणते, मुले किती, या गोष्टी येतात. तिसरा भाग नेमका प्रश्न आल्याशिवाय सांगायचा नाही. शस्त्रक्रिया व रात्रीचा घाम या दोन गोष्टी या भागात आहेत.

तिसऱ्या भागासाठी कोणत्या शब्दांतला प्रश्न पुरेसा मानायचा, हे आधीच ठरवावे लागते. “पाळी नीट येते का?” या प्रश्नाला सुमनचे उत्तर “येत नाही” एवढेच. विद्यार्थ्याने “कधीपासून? कशामुळे?” असे पुढे विचारले, तर “पिशवी काढली ना,” असे ती सांगते. “काही ऑपरेशन झालंय का?” या प्रश्नालाही तेच उत्तर मिळते. विद्यार्थ्याने ‘गर्भाशय-उच्छेदन’ असा पुस्तकी शब्द वापरला, तर “ते काय असतं?” असे ती विचारते आणि सोपा शब्द येईपर्यंत थांबते. बीजकोशांविषयी विचारल्यास तिला ठाऊक नाही. मात्र “कागद घरी आहेत” हे ती सांगते. चांगला विद्यार्थी ते कागद पुढच्या वेळी आणायला सांगतो.

आराखड्यात रुग्णाची चिंताही लिहिलेली असते. सुमनच्या घराने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली आहे आणि कामावर खाडा पडला तर पैसे कापले जातात. “तुम्हाला कशाची काळजी वाटते?” असे कोणी विचारले, तरच ती हे बोलते.

## प्रशिक्षणाचे टप्पे

निवड. स्वयंसेवक भूमिकेच्या वयाशी जुळणारा, विद्यार्थ्यांच्या ओळखीचा नसलेला आणि बोली सहज बोलणारा असावा. भूमिकेतील प्रसंग जिच्या आयुष्यात घडून अजून सलतो आहे, अशा व्यक्तीला ती भूमिका देत नाहीत. त्यासाठी भूमिकेचा विषय निवडीपूर्वीच सांगून नकार देण्याची मोकळीक ठेवतात.

पाठांतर व उत्तरे देण्याची रीत. पहिल्या बैठकीत आराखडा वाचून त्याचे तीन भाग पक्के केले जातात. उत्तर थोडक्यात द्यायचे आणि थांबायचे, हा मुख्य सराव होय. विद्यार्थ्याने “ताप, खोकला, वजन कमी होणे असे काही?” असे तीन प्रश्न एकत्र विचारले, तर फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे शिकवतात. आराखड्यात नसलेला प्रश्न आला तर भूमिकेला साजेसे साधे उत्तर देऊन नंतर ते प्रशिक्षकाला कळवायचे, म्हणजे सर्वांचे उत्तर एकच ठरवता येते.

भूमिकेचा सराव. दुसऱ्या बैठकीत प्रशिक्षक स्वतः विद्यार्थी बनतो. एकदा नम्र, एकदा घाईचा, एकदा गोंधळलेला. मोडके मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याशी कसे वागायचे, तेही येथे ठरते. त्याच्या चुकलेल्या शब्दाचा अर्थ लागत असल्यास उत्तर द्यावे, परंतु स्वतः हिंदीकडे वळू नये, असा नियम केला तर तो सर्वांनी सारखाच पाळायचा असतो.

गुणनोंद. तिसऱ्या बैठकीत चित्रित संवाद पाहून सर्व स्वयंसेवक वेगवेगळे बसून तपासणी-सूची भरतात. ‘शस्त्रक्रियेविषयी विचारले’, ‘कोणत्या वयात झाली ते विचारले’, ‘बोलणे मध्येच तोडले नाही’ अशी तिची कलमे असतात. ज्या कलमावर मते फुटतात त्याचा शब्द बदलतात किंवा अर्थ ठरवतात. निदान बरोबर की चूक, हे ठरवण्याचे काम स्वयंसेवकाकडे नसते.

## परीक्षेतील अडचणी

एका विद्यार्थ्याला ८ मिनिटे आणि अदलाबदलीला २ मिनिटे धरली, तर १०० विद्यार्थ्यांना १००० मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून चार समांतर केंद्रे ठेवून प्रत्येकी २५ विद्यार्थी दिले जातात. तरीही प्रत्येक केंद्राला विश्रांती वगळून सव्वाचार तासांच्या आसपास वेळ लागतो. अर्थात चार ‘सुमन’ लागतात, आणि त्या चौघींत फरक पडला की परीक्षा अन्यायाची होते.

सर्वांत नेहमी दिसणारा दोष म्हणजे भूमिका सैल होणे. दहा-पंधरा विद्यार्थ्यांनंतर कंटाळ्याने, किंवा घाबरलेल्या मुलाची दया येऊन, स्वयंसेवक लपवायची गोष्ट सांगून टाकते. असे समजा की तीन केंद्रांवर शस्त्रक्रियेचे कलम २५ पैकी १२-१३ विद्यार्थ्यांना मिळाले आणि चौथ्यावर २३ जणांना. चौथ्या केंद्रावरच हुशार मुले आली असतील, हे शक्य आहे. तसे असेल तर तेथे इतर कलमांचे गुणही वाढलेले दिसतील. फक्त हेच एक कलम वाढले असेल, तर संशय भूमिकेकडे जातो आणि चित्रफीत पाहून तो पडताळता येतो. “पाळी येत नाही” म्हणण्याऐवजी “पिशवी काढली, त्यामुळे पाळी येत नाही” असे एकच वाक्य बोलले गेले, तरी एवढा फरक पडतो. तो सिद्ध झाल्यास ते कलम सर्वांच्याच गुणांतून वगळणे हा उपाय असतो. आधीच टाळायचे असेल, तर दर तासाला विश्रांती देतात आणि एक निरीक्षक प्रत्येक केंद्रावरील दोन-तीन संवाद ऐकून स्वतंत्र सूची भरतो.

परीक्षा संपल्यावर स्वयंसेवकांना भूमिकेतून बाहेर येण्यासाठी वेळ देतात. दिवसभर थकव्याची व काळजीची गोष्ट सांगितल्याने मन जड होते. म्हणून भूमिकेची साडी किंवा पदर बदलणे, स्वतःच्या नावाने बोलणे आणि काय खटकले ते प्रशिक्षकाला सांगणे, एवढे करूनच त्यांना घरी पाठवले जाते.

## मर्यादा

प्रमाणित रुग्ण हिस्ट्री घेण्याच्या परीक्षेस योग्य असला, तरी हृदयाचा विकृत ध्वनी किंवा वाढलेली प्लीहा यांसारखी शारीरिक चिन्हे त्याच्याजवळ नसतात. त्यांची तपासणी बहुधा प्रत्यक्ष रुग्णावर करावी लागते. शिवाय आठ मिनिटांत एका अनोळखी डॉक्टरला खाजगी गोष्ट सांगणारी सुमन ही परीक्षेपुरती आहे. प्रत्यक्षात अशी स्त्री सासू किंवा नवऱ्यासमोर या प्रश्नाला उत्तर देणार नाही. त्यामुळे काही आराखड्यांत सोबत आलेल्या नातेवाइकाचीही भूमिका ठेवतात, आणि त्याला अदबीने बाहेर बसायला सांगणे हे विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र कलम धरतात.