गणपति की गणपती? उत्सवफलकावरील एका ओळीचा इतिहास

उत्सव जवळ आला की फलकाचा मजकूर तपासताना आमच्या सीमाभागात एक वाद हमखास उद्भवतो. जुन्या अहवालांत ‘गणपति’ असते, नव्या मजकुरात ‘गणपती’. मग चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. पूर्वी संस्कृतातून आलेले शब्द मुळाप्रमाणे ऱ्हस्वान्त लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार व उकार दीर्घ झाला. मात्र असा शब्द समासाच्या आरंभी आला, तर मूळ ऱ्हस्व टिकतो. म्हणून ‘मूर्ती’, पण ‘मूर्तिकार’. ‘गणपती’, पण ‘गणपतिपूजन’. मंडळाचे नोंदणीकृत नाव जुन्या लेखनात असेल तर ते तसेच ठेवावे. बाकी मजकूर आजच्या नियमाने लिहावा.

उपान्त्य अक्षराची गोष्ट निराळी. ‘मिरवणूक’ हा मराठी शब्द, म्हणून णू दीर्घ. विभक्ती लागताच तो ऱ्हस्व होऊन ‘मिरवणुकीत’ होतो. याच धर्तीवर फलकाच्या तळाशी ‘शुभेच्छूक’ छापले जाते, ते चूक. तो संस्कृत शब्द असल्याने ‘शुभेच्छुक’ हेच शुद्ध. आणि ‘शुद्ध’ शब्दच ‘शुध्द’ असा छापलेला वारंवार आढळतो. त्यात आधी द, मग ध, हा क्रम अक्षरजुळणीत उलटतो.

तिथीकडे येऊ. २०२५ चा फलक असा हवा: ‘भाद्रपद शुद्ध ४, शके १९४७, बुधवार, २७ ऑगस्ट २०२५’. पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत मात्र ७९ वजा करावे लागतात. माघी गणेश जयंती २२ जानेवारी २०२६ रोजी आली. सवयीने ७८ वजा केल्यास शके १९४८ छापले जाईल, वास्तविक तेव्हा १९४७ च चालू होता.

इंदूर-ग्वाल्हेरच्या बांधवांना आणखी एक सावधगिरी हवी. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील पंचांगांत पौर्णिमेला. त्यामुळे आपली श्रावण वद्य अष्टमी तिथे भाद्रपद कृष्ण अष्टमी ठरते. हिंदी पत्रिकेवरून गोकुळाष्टमीचा मजकूर उतरवल्यास वार बरोबर येतो, महिना मात्र चुकतो. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही, म्हणून गणेशचतुर्थीला तो लक्षात येत नाही.

अखेरचे मुद्रित दोघांनी तपासावे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावे. वेलांटी-उकार उच्चारून सांगावेत आणि आकडे एकेक वाचावेत. जाड, वळणदार टंकात १ आणि ९ सहज फसवतात. तिथी आणि वार दोन्ही पंचांगाशी जुळले, तरच फलक छपाईला द्यावा.