निदान प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक

रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा (पॅथॉलॉजी लॅबचा) वार्षिक जमाखर्चाचा आराखडा. चाचण्यांची संख्या, रीएजंटचा खर्च आणि यंत्रांचा घसारा या तीन गोष्टींवर तो उभा असतो. खाली पूर्व बंगळुरूतील महादेवपुऱ्यासारख्या ठिकाणची मध्यम लॅब गृहीत धरली आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत.

जमेचा अंदाज रुग्णसंख्येवरून नव्हे, तर चाचणीवार बांधतात. व्हाइटफील्ड परिसरातील आयटी कंपन्यांच्या आरोग्य तपासण्या एकगठ्ठा येतात. मात्र त्यांचा दर दारात आलेल्या रुग्णाच्या दरापेक्षा कमी असतो आणि बिल उशिरा वसूल होते, म्हणून त्यांची जमा वेगळी मांडतात.

रीएजंटचा हिशेब किटवरच्या छापील संख्येवर केला, की चुकतो. समजा, ४,००० रुपयांच्या किटमध्ये २०० चाचण्या आहेत. म्हणजे कागदावर चाचणीमागे २० रुपये. महिन्यात २६ दिवस रोज दोन कंट्रोल लावले, की ५२ चाचण्या तिथेच गेल्या. कॅलिब्रेशन आणि पुन्हा लावलेले नमुने मिळून आणखी ८. रुग्णांच्या चाचण्या १०० झाल्या आणि उघडलेल्या किटची मुदत महिन्यात संपली, तर उरलेल्या ४० फेकाव्या लागतात. खरा खर्च चाचणीमागे ४० रुपये पडतो. म्हणून क्वचित येणारी चाचणी मोठ्या लॅबकडे पाठवणेच बहुधा स्वस्त पडते. शिवाय आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असल्याने रीएजंटवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच धरावा लागतो.

सर्वांत जास्त घोळ घसाऱ्यात होतो. १५ लाखांचा बायोकेमिस्ट्री ॲनालायझर सात वर्षे चालेल आणि शेवटी १ लाखाला विकला जाईल, असे धरले तर समान हप्त्याने घसारा वर्षाला २ लाख येतो. आयकराच्या १५ टक्के घटत्या मूल्याच्या पद्धतीने मात्र सात वर्षांनंतरही वहीत सुमारे ४.८ लाख शिल्लक दिसतात, यंत्र भंगारात निघाले तरी. दोन्ही नोंदी नफा कमी दाखवतात. बँकेत एक रुपयाही टाकत नाहीत.

त्यासाठी यंत्रबदल निधी लागतो. किंमत दरसाल ६ टक्क्यांनी वाढली तर नवे यंत्र सुमारे २२.५५ लाखांना मिळेल. जुन्याचा १ लाख वजा जाता २१.५५ लाख उभे करायचे, तर ६ टक्के व्याजाच्या ठेवीत वर्षाअखेर सुमारे २.५७ लाख, म्हणजे महिन्याला साधारण २१,४०० रुपये बाजूला काढावे लागतात. घसाऱ्याएवढेच २ लाख ठेवले, तर शेवटी पावणेपाच लाखांची तूट पडते. हा निधी चालू खात्यात मिसळला, की पगाराच्या आठवड्यात तो संपतोच.

पुरवठादाराने रीएजंटच्या करारावर बसवलेल्या यंत्रासाठी घसारा नाही आणि निधीही नाही. पण रीएजंट महाग असते, आणि दरमहा ठरलेली किमान खरेदी चाचण्या घटल्या तरी करावी लागते.