ओवीतला ‘नेनंता’

जात्यावरच्या ओव्यांत आई लेकाला ‘नेनंता’ म्हणते. ऐकू आला तसा उतरवला, तर शब्दकोशात सापडत नाही. मग तो कानडी की तेलुगू, असा संशय येतो. आधी रूपं बघा: राघू नेनंता, पण मैना नेनंती. शेवट लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे बहुधा मराठी विशेषण. हट्ट्यासारख्या मराठवाड्यातल्या गावांत बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. तसाच इथला दुसरा ‘न’ मूळचा ‘ण’ धरा, अनुस्वार काढा, उरतो ‘नेणता’. ज्ञानेश्वरीत ‘नेणणे’ म्हणजे न जाणणे. त्याचंच हे रूप, ‘जाणता’च्या उलट. पण इथे ‘अडाणी’ हा अर्थ बसत नाही. ओवीत राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. म्हणून नेनंता म्हणजे अजाण, लहानगा. हा अर्थ इतर ओव्यांतही टिकतो का, ते तपासूनच नोंद करा.